अक्षर एक, उच्चार गावोगावचे

एप्रिल १९९८ मध्ये वाळूच्या वादळानंतर सचिन तेंडुलकरने ऑस्ट्रेलियाविरुद्ध केलेल्या खेळीमुळे शारजा हे नाव मराठी घराघरांत पक्के झाले. त्या शहराच्या अरबी पाटीवर मात्र 'ज' कुठेच नाही. तिथे लिहिलेले असते 'अश्-शारिक़ा', आणि त्यातले अक्षर आहे क़ाफ़. आखाती किनाऱ्याच्या जुन्या बोलीत काही ठिकाणी क़ाफ़चा 'ज' होतो, तो स्थानिक उच्चार इंग्रजांच्या कानावर पडला आणि तोच जगभर गेला. म्हणजे आपण इतकी वर्षे नकळत एका अरबी बोलीचाच उच्चार करत आलो आहोत. तो उच्चार चुकीचा नाही, आणि पाटीवरचे क़ाफ़ही चुकीचे नाही. अरबी शिकणाऱ्याला सर्वांत आधी हे समजायला हवे, आणि बहुतेक वर्गांत नेमके हेच सांगितले जात नाही.

या लेखात मी तीनच अक्षरांबद्दल बोलणार आहे. पहिले क़ाफ़. जिभेचा अगदी मागचा भाग पडजिभेपाशी टेकवून काढलेला, आपल्या 'क'पेक्षा बराच खोल असा हा उच्चार. दुसरे जीम, जे प्रमाण अरबीत आपल्या 'जीभ' या शब्दातल्या 'ज'सारखे आहे. तिसरे थ़ा, ज्याला उर्दूवाले 'से' म्हणतात. इथे जिभेचे टोक वरच्या दातांच्या कडेला अलगद लागते आणि मधून श्वास वाहत राहतो. हे ध्वनी दाखवायला मी नुक्ता दिलेले 'क़' आणि 'थ़' वापरतो आहे, कारण देवनागरीत त्यांना स्वतःची अक्षरे नाहीत.

अरब जगात या तीन अक्षरांचे लेखन मोरोक्कोपासून ओमानपर्यंत सगळीकडे एकच आहे. उच्चार मात्र बदलतात. 'बर्फ घातलेली कॉफी' एवढेच घ्या. प्रमाण अरबीत ती 'क़हवा बि-थ़ल्ज', आणि या दोन शब्दांत आपली तिन्ही अक्षरे आली. कैरोत हेच 'अहवा बि-तल्ग' होते. क़ाफ़ जवळजवळ नाहीसे होते, त्याच्या जागी घशात क्षणभर अडकलेला श्वास उरतो. थ़ाचा 'त' होतो आणि जीमचा 'ग'. दमास्कसमध्ये 'अहवे' आणि 'तल्झ' ऐकू येते, आणि तो 'झ' फ्रेंच माणसाच्या तोंडच्या मऊ 'ज'सारखा असतो. रियाधमध्ये 'गहवा' आणि 'थ़ल्ज', म्हणजे क़ाफ़चा 'ग' झाला, पण थ़ा आणि जीम जागेवर राहिले. ट्युनिस शहरात क़ाफ़ आणि थ़ा दोन्ही शाबूत, जीम मात्र मऊ. चारही शहरांत कॉफीच्या दुकानावरची पाटी मात्र अक्षरशः एकच.

आता कैरोचा 'ग' आणि रियाधचा 'ग' शेजारी ठेवून पाहा. कैरोत 'ग' ऐकू आला तर ते अक्षर जीम असते. रियाधमध्ये 'ग' ऐकू आला तर ते क़ाफ़ असते. कानाला आवाज तोच, अक्षर वेगळे, धातू वेगळा, अर्थही वेगळा. रियाधचा माणूस 'गल्ब' म्हणतो तेव्हा त्याला हृदय म्हणायचे असते, कारण मूळ शब्द 'क़ल्ब'. कैरोच्या माणसाच्या तोंडी 'गल्ब' आला तर तो 'जल्ब' असतो, म्हणजे आणणे, खेचून घेणे. कैरोकराचे हृदय 'अल्ब' असते. ऐकणारा कोणत्या गावात उभा आहे हे त्याला माहीत नसेल, तर शब्दकोश त्याच्या काही उपयोगाचा नाही. अरबी शब्दकोश बहुधा धातूंच्या क्रमाने रचलेले असतात. पहिले अक्षरच चुकले तर शब्द सापडतच नाही, आणि विद्यार्थी समजतो की हा कोशात नसलेला बोलीभाषेतला शब्द आहे. असे शेकडो शब्द त्याला आधीच माहीत असतात. ऐकताना त्याला ते ओळखता येत नाहीत, एवढेच.

हे ओझे नवशिक्यावर कशाला घालायचे, असा आक्षेप मी अनेक शिक्षकांकडून ऐकला आहे. आधी प्रमाण अरबी शिकू द्या, बोली नंतर येतीलच, असे त्यांचे म्हणणे. याच्या उलट दुसरा पंथ आहे, जो म्हणतो की लोक बोलतात तेवढेच शिकवा, पुस्तकी अरबी कोणी बाजारात बोलत नाही. दोन्ही पंथ विद्यार्थ्याचे नुकसान करतात, असे माझे ठाम मत आहे. पहिल्या वाटेने गेलेल्याला कैरोच्या रस्त्यावर आपण दुसरीच भाषा शिकून आलो असे वाटते. दुसऱ्या वाटेने गेलेला 'अहवा' पाठ करतो आणि पाटीवरच्या क़ाफ़ने सुरू होणाऱ्या शब्दाशी त्याची गाठच पडत नाही. शिवाय कैरोत 'क़लम' म्हणजे लेखणीसुद्धा 'अलम' होते आणि 'अलम' म्हणजे वेदनाही 'अलम'च. बोलताना संदर्भाने अर्थ लागतो, पण लिहायची वेळ आली की ज्याने केवळ कानाने शिकले त्याला क़ाफ़ कुठे आणि घशात अडकलेल्या श्वासाचे अक्षर हमज़ा कुठे हे कळायला मार्ग नसतो. म्हणून शब्द मनात साठवावा तो त्याच्या लेखनासह, आणि त्याचा उच्चार गावानुसार बदलतो हे पहिल्या महिन्यातच सांगावे.

हा बदल नियमित असतो म्हणूनच तो शिकता येतो. पण नियम आंधळेपणाने लावला तर फसगत होते, आणि या विषयातला सर्वांत रंजक भाग तिथेच आहे. थ़ाचे उदाहरण घेऊ. कैरोत रोजच्या वापरातल्या शब्दांत थ़ाचा 'त' होतो. तीन म्हणजे 'तलाता', लसूण 'तोम', बैल 'तोर'. पण क्रांती या अर्थाचा 'थ़ौरा' हा शब्द कैरोकर 'सौरा' असा उच्चारतो. संस्कृती म्हणजे 'थ़क़ाफ़ा', तिचे तो 'सक़ाफ़ा' करतो, आणि त्यात क़ाफ़ही खोल क़ाफ़च राहते, घशात अडकत नाही. एकाच धातूतून आलेले दोन शब्दही वेगळे होतात. 'दुसरा' म्हणजे 'तानी', पण घड्याळातला सेकंद म्हणजे 'सान्या'. ही विसंगती वाटते, पण तिला कारण आहे. 'तोम', 'तोर', 'तानी' हे शब्द पिढ्यानपिढ्या तोंडातोंडी आले. 'सौरा', 'सक़ाफ़ा', 'सान्या' हे शब्द शाळेतून, वर्तमानपत्रांतून, भाषणांतून बोलीत शिरले. लिखित थ़ा वाचताना कैरोकराची जीभ 'स'कडे वळते. त्यामुळे कोणता शब्द घरचा आणि कोणता पुस्तकातून आलेला, हे त्या एका अक्षरावरून कळते. कैरो शहराचे स्वतःचे नाव 'अल्-क़ाहिरा' तिथे कधी 'अल्-आहिरा' होत नाही, आणि 'क़ुरआन'ही 'उरआन' होत नाही. नियम शिकून आलेला उत्साही विद्यार्थी मात्र तेही बदलून टाकतो आणि समोरच्याला काही क्षण तो काय म्हणतो आहे हे कळत नाही.

मराठी माणसासाठी सर्वांत महत्त्वाचा प्रदेश म्हणजे आखात. रत्नागिरी, रायगड, मुंबईतली कितीतरी कुटुंबे तिथल्या पगारावर उभी राहिली आहेत. आणि नेमकी तिथेच ही अक्षरे सर्वांत जास्त गोंधळात टाकतात. कुवेतच्या जुन्या बोलीत जीमचा 'य' होतो. मशीद 'मस्जिद' न राहता 'मस्यिद' होते, कोंबडी 'दजाज' न राहता 'दियाय', नवे म्हणजे 'जदीद' न राहता 'यिदीद'. पुरुष या अर्थाचा शब्द 'रय्याल' होतो. जीमने 'ज'ची जागा सोडली, तर ती जागा काही शब्दांत क़ाफ़ घेते. क़ाफ़ एरवी 'ग' होते, पण शेजारी 'इ' असली की ते 'ज' होते. पातेले म्हणजे 'क़िद्र', त्याचे 'जिदिर' झाले. जवळचा म्हणजे 'क़रीब', त्याचे 'जिरीब' झाले. शारजाचा 'ज' याच नियमातून आलेला आहे. मराठी कानाला हा नियम परका वाटू नये. आपणही 'जाळे' आणि 'जीभ' यांतला 'ज' वेगळा उच्चारतो आणि म्हैस अनेक झाल्या की म्हशी होतात. 'इ' किंवा 'ई' आली की जीभ टाळूकडे सरकते आणि शेजारचे व्यंजनही सोबत नेते. अरबी क़ाफ़ त्याच ओढीने घशातून टाळूपर्यंत आले.

या भागात कामाला गेलेल्या माणसाची अडचण डोळ्यांसमोर आणा. स्वयंपाकघरात त्याला कोणी 'जिदिर' आणायला सांगितले. त्याने वर्गात अरबी शिकलेले आहे, म्हणून तो जीम-दाल-रा असा धातू मनात शोधतो आणि त्याला 'जिदार' म्हणजे भिंत सापडते. 'क़िद्र' हा शब्द त्याने शिकलेला असूनही तो त्याला ओळखता येत नाही. इथे त्याचा शब्दसंग्रह कमी पडलेला नसतो. त्याला एकच गोष्ट कोणी सांगितलेली नसते, ती म्हणजे या किनाऱ्यावर ऐकू येणारा 'ज' क़ाफ़ असू शकतो आणि ऐकू येणारा 'य' जीम असू शकतो. मग त्याने काय करावे? ऐकलेल्या आवाजामागे कोणती दोन अक्षरे असू शकतात हे मनात ठेवून दोन्ही धातू तपासावेत. बहुतेक वेळा त्यांतला एकच अर्थ प्रसंगात बसतो. हे काही दिवस केले की कान स्वतःच निवड करू लागतो. हेही ध्यानात ठेवावे की शिक्षण आणि सरकारी कारभारातले शब्द तिथेही बरेचदा 'ज' आणि 'क़' जपतात, आणि तरुण शहरी पिढी परप्रांतीय अरबांशी बोलताना 'य' टाळून 'ज' वापरते. त्यामुळे एकाच माणसाकडून सकाळी 'य' आणि दुपारी 'ज' ऐकू आला तर तो आपल्या कानाचा दोष समजू नये.

या सगळ्यात शुद्ध कोण आणि अशुद्ध कोण, हा प्रश्न आपल्याकडे फार लवकर येतो. अरबीच्या बाबतीत तो नीट विचारला तर त्याचे उत्तर अपेक्षेप्रमाणे येत नाही. आठव्या शतकात बसरा इथे अरबी व्याकरणाचा पाया घालणाऱ्या सीबवैहीने क़ाफ़ला ज्या वर्गात घातले, त्यात 'ब', 'द' असे घोष ध्वनी आहेत. आजचे प्रमाण क़ाफ़ अघोष आहे. त्या वर्गाचा नेमका अर्थ काय यावर अभ्यासकांत वाद असला तरी, वाळवंटातला 'ग' हा प्राचीन उच्चाराच्या अधिक जवळ असू शकतो असे मानणारे बरेच आहेत. चौदाव्या शतकात इब्न ख़ल्दूनने तर आपल्या 'मुक़द्दिमा'त बदू अरबांच्या क़ाफ़चा मुद्दाम उल्लेख केला आणि तो जुन्या अरबांकडून वारशाने आलेला उच्चार आहे असे मांडले. जीमचेही तसेच. हिब्रूत उंटाला 'गमाल' म्हणतात, अरबीत 'जमल', कैरोत 'गमल'. सेमिटिक भाषांची तुलना केली तर 'ग' हाच जुना ध्वनी होता हे दिसते. कैरोचा 'ग' तोच जुना जपला गेला की मध्यंतरी 'ज' होऊन पुन्हा 'ग' झाला, यावर भाषाशास्त्रज्ञांचे एकमत नाही. पण 'ग' म्हणजे अलीकडची बिघडलेली जीभ, हे म्हणणे टिकत नाही. इजिप्तचे अध्यक्ष नासेर यांचे नाव जगभर 'गमाल' असेच लिहिले गेले. तेच नाव बगदादचा किंवा आपल्याकडचा माणूस धारण करतो तेव्हा 'जमाल' असते, आणि अरबी लिपीत दोन्ही नावे एकच.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. कैरोचा प्राध्यापक प्रमाण अरबीत व्याख्यान देतो तेव्हाही जीमचा 'ग'च करतो, आणि तिथे त्याला कोणी बोलीभाषा म्हणत नाही. तोच माणूस क़ुरआन पठण करू लागला की 'ज' उच्चारतो. अब्दुल बासित यांच्यासारख्या नामवंत इजिप्शियन क़ारींच्या ध्वनिमुद्रिका ऐका, त्यांत 'ग' सापडणार नाही. म्हणजे त्याच्याकडे दोन्ही उच्चार आहेत आणि कुठला कधी वापरायचा हे त्याला ठाऊक आहे. पठणात सूट नाही, कारण तिथे प्रत्येक अक्षराचे उच्चारस्थान गुरुपरंपरेने ठरलेले आहे. उरलेल्या जगात सूट आहे, पण तीही सरसकट नाही. सुदानमध्ये शिष्ट शब्दांतले क़ाफ़ अनेकदा 'ग़'सारखे उच्चारले जाते. स्वातंत्र्य म्हणजे 'इस्तिक़्लाल' आणि शोषण म्हणजे 'इस्तिग़्लाल', हे दोन शब्द तिथल्या काही वक्त्यांच्या तोंडी एकसारखे ऐकू येतात. त्यांच्या श्रोत्यांना कसलीच अडचण होत नाही, पण बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला भाषणाचा अर्थ उलटा लागू शकतो.

उच्चारावरून माणसे एकमेकांना ओळखतात, हेही शिकणाऱ्याने जाणले पाहिजे. हाइम ब्लांक यांनी १९६४ मध्ये बगदादच्या बोलींवर लिहिलेल्या ग्रंथात दाखवले की त्या एका शहरात 'मी म्हणालो' हे मुसलमान 'गिलित' असे म्हणत, तर ख्रिस्ती आणि ज्यू 'क़िल्तु' असे म्हणत. एका क़ाफ़वरून माणसाचा समाज कळत असे. अम्मानमध्ये 'ग' हा पुरुषी आणि टोळीच्या अभिमानाचा उच्चार मानला जातो, घशात अडकणारा उच्चार शहरी आणि मृदू समजला जातो, आणि म्हणून एकाच घरातली भावंडे वेगळे उच्चार करताना आढळतात. सीरियात असद घराण्याच्या काळात किनारी डोंगराळ भागातला ठळक क़ाफ़ ऐकला की लोक सावध होत, कारण तो सत्तेच्या आणि सुरक्षा यंत्रणेच्या माणसांशी जोडला गेला होता. पुस्तकाप्रमाणे तो सर्वांत शुद्ध उच्चार. परक्या माणसाला हे सगळे माफ असते, हे खरे. पण समोरचा आपल्याशी बोलताना मध्येच उच्चार का बदलतो, हे कळण्याइतके ज्ञान त्याच्याकडे असावे.

आता तोंडाने काय करायचे, तेही सांगतो, कारण मराठी जिभेच्या अडचणी खास तिच्या आहेत. अरबी थ़ा देवनागरीत सर्रास 'थ' असा लिहितात आणि विद्यार्थी 'थाळी'तला 'थ' उच्चारतो. तो थ़ा नव्हे. परीक्षा सोपी आहे. उच्चार सुरू करा आणि श्वास असेपर्यंत लांबवत राहा. थ़ा 'स'सारखा लांबतो, आपला 'थ' लांबवता येत नाही, तो एका झटक्यात संपतो. थ़ा जमत नसेल तर 'त' म्हणा, कैरो-दमास्कसमध्ये निदान नेहमीच्या शब्दांत तो चालेल. 'थ' मात्र यांपैकी कुठल्याच बोलीत नाही. आपल्याला 'स'ची सवय आहे ती फारसीमार्गे. 'वारिथ़'चा 'वारस' आणि 'मीराथ़'ची 'मिरास' तशीच झाली. क़ाफ़ची परीक्षा स्वराने होते. 'क़ल्ब' म्हणजे हृदय आणि 'कल्ब' म्हणजे कुत्रा. क़ाफ़नंतरचा 'अ' जाड होऊन 'आ'कडे झुकतो, काफ़नंतरचा, म्हणजे साध्या 'क'च्या अक्षरानंतरचा, पातळ होऊन 'ॲ'कडे. दोन्ही शब्द ध्वनिमुद्रित करून ऐका. स्वर सारखाच ऐकू येत असेल तर जीभ अजून मागे गेलेली नाही. क़ाफ़ म्हणताना हवेचा झोत बाहेर पडू देऊ नका, नाहीतर त्याचा 'ख' होऊ लागतो.

बोलण्यासाठी एकच गाव निवडा आणि तिन्ही अक्षरे त्याच गावाची ठेवा. एका वाक्यात कैरोचा 'ग' आणि रियाधचा 'ग' आले तर ऐकणारा खरोखर गोंधळतो, कारण त्याच्यासाठी ती दोन वेगळी अक्षरे आहेत. कुठल्या गावाशी संबंध येणार हे ठरले नसेल तर प्रमाण उच्चार धरा, तो सगळीकडे कळतो. कान मात्र सगळ्या गावांचे ठेवा.

मराठीत अरबी शिकवणारी पुस्तके आणि पुस्तिका काढणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. आज त्यांत बहुतेक वेळा क़ाफ़ आणि काफ़ दोन्हींना 'क', थ़ाला कधी 'थ' तर कधी 'स', आणि जीमला नुसता 'ज' छापलेला असतो, मूळ अरबी अक्षर बाजूला दिलेलेच नसते. आखातात निघालेला माणूस ते पाठ करून विमानात बसतो. प्रत्येक शब्दाशेजारी त्याचे अरबी लेखन छापा, आणि या तीन अक्षरांचा आखातात, कैरोत, दमास्कसमध्ये काय उच्चार होतो याचे एक पान सुरुवातीला द्या.